दुभंगलेली टाळू आणि बाळाचे कान

टाळू दुभंगलेलं बाळ जन्मलं की घरच्यांचं सगळं लक्ष दूध पाजण्याकडे आणि शस्त्रक्रियेकडे जातं. साहजिकच आहे. पण अशा बहुतेक बाळांच्या कानाच्या पडद्यामागे पहिल्या वर्षातच चिकट द्रव साचतो.

घशाच्या मागच्या भागातून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. गिळताना टाळूचा स्नायू ती उघडतो आणि कानात हवा शिरते. टाळू दुभंगलेली असली की हा स्नायू नीट ओढ घेत नाही, नळी मिटलेलीच राहते आणि कानात द्रव साचतो. या द्रवाने सहसा ना ताप येतो, ना कान दुखतो, ना वाहतो. म्हणूनच तो लक्षात येत नाही.

समजा, बाळ आठ महिन्यांचं आहे. दार आपटलं की दचकतं, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण मागून हळू हाक मारली तर वळत नाही. त्याला मोठे आवाज कळतात. ‘स’, ‘फ’ असे हलके उच्चार मात्र निसटतात, आणि बोलणं शिकण्याचं वय तर हेच.

जन्मानंतरची श्रवणचाचणी उत्तीर्ण झाली, तरी द्रव नंतर साचू शकतो. टाळू शिवल्यावरही तो लगेच जातोच असं नाही. म्हणून दर काही महिन्यांनी पडद्याची हालचाल मोजणारी टिम्पॅनोमेट्री आणि वयानुसार श्रवणचाचणी करावी लागते. द्रव टिकून ऐकणं कमी राहिलं, तर पडद्यात ग्रोमेट ही छोटी नळी बसवतात किंवा श्रवणयंत्र देतात. टाळूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना कानाच्या तपासणीचंही डॉक्टरांना जरूर विचारा.