भिंत होती, मग घोडेस्वार आत कसे आले?

चीनची भिंत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर डोंगरमाथ्यावरून जाणारी विटांची, बुरुजांची भिंत येते. ती पुष्कळ अलीकडची, मिंग घराण्याच्या काळातली. आज आपण तिच्या दीड-दोन हजार वर्षे आधीच्या भिंतींविषयी बोलणार आहोत. त्या होत्या मातीच्या. दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करायच्या, मध्ये ओलसर माती टाकायची, ती धुमसाने ठोकून टणक करायची आणि त्यावर पुढचा थर चढवायचा. पश्चिमेला तुन्हुआंगजवळ वाळवंट लागते. तिथे चांगली माती नाही, म्हणून हान घराण्याच्या कामगारांनी वाळूमिश्रित खडी आणि बोरूसारख्या गवताच्या जुड्या यांचे थर आलटून पालटून रचले. त्या भिंतीचे अवशेष आजही उभे आहेत. तेव्हा भिंती कच्च्या होत्या म्हणून फसल्या, असे काही म्हणता येत नाही. त्या फसल्या त्यांच्यामागच्या व्यवस्थेमुळे, असे माझे मत आहे.

इ. स. पूर्व 215 मध्ये चीनचा पहिला सम्राट शी हुआंग याने मेंग त्यान या सेनापतीला तीन लाख सैन्य देऊन उत्तरेला धाडले. पीत नदीच्या मोठ्या वळणातली कुरणे त्याने श्योंग्नू या भटक्या पशुपालकांकडून हिसकावली आणि जुन्या राज्यांच्या भिंती जोडत नवी तटबंदी उभारली. म्हणजे ही भिंत आपल्या शेताचे कुंपण नव्हती. दुसऱ्याच्या चराऊ रानावर ठोकलेला तो हक्क होता. तो टिकवायचा तर माणसे हवीत, आणि माणसांना धान्य हवे. पुढे हान दरबारातल्या एका मंत्र्याने हिशेब मांडला, की पूर्व किनाऱ्यावरून 192 मापे धान्य निघाले तर सरहद्दीवर एक माप पोचत असे. आकडा फुगवलेला असेल, पण वाटेत हमाल आणि बैलच बहुतेक धान्य खातात हे त्यातले सत्य नाकारता येत नाही. इ. स. पूर्व 210 मध्ये सम्राट वारला, मेंग त्यानला आत्महत्या करायला लावली, देशात बंडे झाली, आणि सरहद्दीवर बसवलेले लोक आपापल्या घरी निघून गेले. श्योंग्नूंना भिंत पाडावी लागली नाही. ते परत आले, इतकेच.

माणसे जागेवर असली तरी अडचण सुटत नसे. पहारेकरी ठाण्यावरून धुराची किंवा जाळाची खूण पुढच्या ठाण्याला देई. वाळवंटात तर वाळूचा पट्टा रोज सपाट करून ठेवत, म्हणजे रात्री कोणी ओलांडले तर पाऊल उमटे. चार चोरटे यात नक्की सापडत. पण इ. स. पूर्व 166 मध्ये श्योंग्नूंचे एक लाख चाळीस हजार स्वार एकाच खिंडीवर आले, असे इतिहासकार स्स-मा छ्येन सांगतो. तिथला अधिकारी मारला गेला आणि त्यांचे टेहळे थेट राजधानीजवळच्या राजवाड्यापर्यंत पोचले. हल्ला कुठे करायचा हे स्वार ठरवणार आणि रखवालदार मात्र शेकडो कोसांवर विखुरलेले, मग दुसरे काय होणार? बातमी पोचली तरी फौज पोचेपर्यंत लूट घेऊन ते पसार होत.

यावर कोणी विचारील, की मग हान राजांनी शंभर वर्षे भिंती का वाढवत नेल्या? ते काही मूर्ख नव्हते. याचे उत्तर इ. स. पूर्व 33 मध्ये होउ यिंग या अधिकाऱ्याने दिले आहे. त्या वेळी श्योंग्नूंचा राजा शरण आला होता आणि सरहद्दीचा पहारा आता आम्हीच ठेवतो, तुम्ही काढून घ्या, असे त्याने कळवले. होउ यिंगने त्याविरुद्ध दहा कारणे दिली, आणि त्यांतली बरीचशी आतल्या लोकांबद्दलची आहेत. सरहद्दीवरचे गुलाम पळून जातील, गुन्हेगार पलीकडे आश्रय घेतील, पूर्वीच्या मोहिमांतून न परतलेल्या सैनिकांची मुलेबाळे त्यांच्याकडे जातील. भिंतीला आतल्या बाजूनेही काम होते, आणि तेच तिला जास्त जमत होते. सम्राटाने त्याचे ऐकले, पहारा राहिला.

दुसरा आक्षेप असा, की भिंतीने निदान लूट घेऊन जाणे अवघड केले असेल. हे मान्य. हाकत नेलेली गुरे आणि माणसे तटावरून उतरवणे सोपे नाही. पण लहान धाडी थांबवण्याचा स्वस्त मार्ग दरबाराला ठाऊक होता: रेशीम, धान्य आणि मद्य यांची दरवर्षीची भेट आणि सरहद्दीवरचे बाजार. शांततेची वर्षे मिळाली ती बहुतेक या सौद्यांवर, आणि सौदा मोडला की धाडी पुन्हा सुरू होत.

इ. स. 50 मध्ये हान राजांनी दक्षिणेकडच्या श्योंग्नूंना भिंतीच्या आतच वसवले. इ. स. 311 मध्ये लोयांग ही राजधानी लुटली, ती त्यांच्याच वंशजांच्या फौजेने.