नरसाळ्याचा रिकामा कोपरा



हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यास शिरेतून मॅग्नेशियम दिल्याने प्राण वाचतात काय? या प्रश्नावरील सात लहान चाचण्यांचा एकत्रित आढावा १९९१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. मॅग्नेशियम मिळालेल्या ६५७ रोग्यांपैकी २५ दगावले. न मिळालेल्या ६४४ पैकी ५३. म्हणजे मृत्यू निम्म्याहून कमी! परंतु १९९५ साली आयसिस-४ या चाचणीचा निकाल आला. तीत ५८,०५० रोगी होते. मॅग्नेशियमच्या गटात शेकडा ७.६४ दगावले, दुसऱ्या गटात शेकडा ७.२४. फायदा दिसलाच नाही.

अशा वेळी एक साधा आलेख उपयोगी पडतो. त्याला फनेल प्लॉट, म्हणजे नरसाळ्याचा आलेख म्हणतात. प्रत्येक चाचणीसाठी एक ठिपका द्यायचा. आडव्या रेषेवर औषधाचा परिणाम मांडायचा: डावीकडे फायदा, उजवीकडे तोटा. उभ्या रेषेवर निकालाचा नेमकेपणा: मोठ्या चाचण्या वर, लहान खाली.

आता नाणेफेक आठवा. हजार वेळा नाणे उडविले तर छापा निम्म्याच्या आसपास येतो. दहाच वेळा उडविले तर सात किंवा तीनही येतो. तसेच मोठ्या चाचण्यांचे ठिपके वर एकमेकांजवळ राहतात, लहान चाचण्यांचे खाली दोन्ही बाजूंना पसरतात. आकृती पालथ्या नरसाळ्यासारखी होते. नशिबाचा खेळ दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून दोन्ही बाजू भरलेल्या हव्यात.

आपण पाहावयाचे ते खालच्या उजव्या कोपऱ्याकडे. तेथे फायदा न दाखविणाऱ्या लहान चाचण्या असतात. तो कोपरा रिकामा असेल, तर अशा चाचण्या झाल्या पण कपाटातच राहिल्या, अशी शंका घ्यावी. निष्फळ ठरलेला लहान प्रयोग संशोधक बहुधा छापावयास पाठवीत नाहीत. मोठा प्रयोग मात्र सहसा लपत नाही. मॅथियास एगर व जॉर्ज डेव्ही स्मिथ यांनी मॅग्नेशियमचा आलेख काढून दाखविला, तेव्हा तो असाच एकांगी निघाला. उरलेल्या ठिपक्यांची सरासरी साहजिकच फायद्याकडे झुकली होती.

मात्र ही शंका आहे, पुरावा नव्हे. लहान चाचण्या ढिलाईने झाल्या असतील, किंवा त्यांतील रोगी अधिक गंभीर असल्याने त्यांना खरोखर जास्त गुण आला असेल, तरीही आलेख एका बाजूस कलतो. शिवाय ठिपके दहापेक्षा कमी असले तर नजर सहज फसते. १९९१ च्या आढाव्यात ते सातच होते.

म्हणून एखाद्या औषधाचा आढावा वाचताना सरासरीच्या आकड्यावर थांबू नका. हा आलेख शोधा, खालचे दोन्ही कोपरे ताडून पाहा, आणि सर्वांत वरचा ठिपका कोठे आहे तेही पाहा.