टाकी तासाभरात भरेल, असं नकाशा म्हणतो. खरंच भरेल का?

आजचा विषय एका श्रोतीच्या मेसेजवरून घेतलाय. तिच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय, नकाशावर कमिटीची सही व्हायचीय, आणि पाण्याच्या पानावर एकच ओळ आहे: 'गच्चीवरची टाकी २०,००० लिटर, पंप ३ एचपी, भरण्याचा वेळ १ तास.' ती विचारते, हे बरोबर आहे का? तिचे आई-बाबा सातव्या मजल्यावर राहायला जाणार आहेत, म्हणून प्रश्न.

आधी टाकी तपासू. फ्लॅट २८, घरटी ५ माणसं धरली तर १४० माणसं. आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर धरायची पद्धत आहे. म्हणजे १८,९०० लिटर. २०,००० ची टाकी ठीक आहे, इथे भांडण नाही.

आता पंप. २०,००० लिटर एका तासात चढवायचे, म्हणजे मिनिटाला ३३३ लिटर, सेकंदाला साधारण साडेपाच. आणि चढवायचे किती उंच? इथे लोक नुसते मजले मोजतात. मोजायचं असतं खालच्या टाकीतल्या सगळ्यात खालच्या पाण्यापासून, वरच्या टाकीत पाइप जिथे तोंड उघडतो तिथपर्यंत. खालची टाकी ३ मीटर खोल. पार्किंग धरून ८ मजले, २४ मीटर. वरची टाकी लिफ्टच्या मशीनरूमवर, ते आणखी ७. झाले ३४ मीटर. पाइपात आणि बेंडमध्ये पाणी घासत जातं, त्याचे नकाशात ४ मीटर धरलेत. एकूण ३८ मीटर. यालाच हेड म्हणतात.

एचपी काढायचा हिशोब सोपा आहे. सेकंदाचे लिटर गुणिले मीटरमधलं हेड, भागिले ७५. साडेपाच गुणिले ३८ म्हणजे २०९, भागिले ७५, उत्तर २.८. लिहिणाऱ्याने ते वर ओढून ३ केलं, असं दिसतंय. पण हा आकडा एकही थेंब ताकद वाया न घालवणाऱ्या पंपाचा आहे, आणि तसा पंप बाजारात मिळत नाही. या आकाराचे पंप मोटरच्या ताकदीतली साधारण निम्मीच पाण्याला देतात. म्हणून उत्तराला अजून ०.५ ने भागायला हवं होतं. मग ५.६ एचपी येतात. त्याच्या वरचा सहज मिळणारा पंप साडेसात एचपीचा.

मग ३ एचपी बसवला तर? उलटा हिशोब करा: ३ गुणिले ७५, त्याच्या निम्मे, भागिले ३८. सेकंदाला जेमतेम ३ लिटर. टाकी भरायला पावणेदोन तासांपेक्षा जास्त. तेही नळ बंद असताना. सकाळी पंप चालू असताना लोक आंघोळी करणारच ना! तासाला अडीच हजार लिटर उपसा धरला, तर जवळपास अडीच तास.

आता एक गंमत. मोठा पंप म्हणजे मोठं बिल, असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच. पण तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायला युनिट जवळपास तेवढेच लागतात. एकाला कमी वेळ, दुसऱ्याला जास्त. फरक पडतो तो मंजूर विजेच्या लोडमध्ये आणि पाइपात. दोन इंची पाइपातून सेकंदाला साडेपाच लिटर ढकलले तर घर्षणच ७-८ मीटर खातं, धरलेले ४ पुरत नाहीत. अडीच इंची पाइप घ्यावा लागेल.

माझं मत विचाराल तर ३ एचपी ठेवायलाही हरकत नाही. मात्र नकाशावर 'दोन तास' असं लिहून घ्या आणि पंप पहाटे चारला सुरू करा. लोक उठायच्या आत टाकी भरलेली असेल. अट एकच, खालच्या टाकीत रात्रीच तेवढं पाणी साठलेलं हवं. महापालिकेचं पाणी सकाळी सातला येत असेल आणि खालची टाकी लहान असेल, तर हा मार्ग बंद.

सहीआधी आणखी एक मागा: पंपाचा कर्व्ह, म्हणजे कुठल्या हेडला किती पाणी हे दाखवणारा आलेख. पंपावरच्या पाटीवर बऱ्याचदा सर्वात जास्त हेड आणि सर्वात जास्त पाणी, असे दोन भारी आकडे असतात. ते दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. आलेखात ३८ मीटरसमोरचा आकडा वाचायचा.

आणि ताबा घेताना? टाकी आतून ४ बाय अडीच मीटर आहे, म्हणजे १० चौरस मीटर. पाणी १ सेंटिमीटर चढलं की १०० लिटर. खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, मोबाइलवर १० मिनिटं लावा, पट्टीने मोजा. तासाभरात भरणारा पंप ३३ सेंटिमीटर चढवेल. १८ च्या आसपास थांबला, तर बिल्डरला तिथेच गच्चीवर बोलवा.