प्रस्ताव लिहिण्याची फी
(मंडळाच्या सभेतील भाषण)

मंडळी, सरकारी नोकरीत असल्याने मी या कामाचे पैसे घेत नाही. पण अनुदानाच्या फायली माझ्या टेबलावर रोज येतात. आपल्यातली काही मुलं-मुली छोट्या संस्थांना प्रस्ताव लिहून देतात. त्यांना एवढंच सांगतो, "मंजूर झालं तर दहा टक्के" असा सौदा करू नका.

समजा, बालवाडीसाठी चार लाख मागितले. दहा टक्के म्हणजे 40,000. देणगीदाराचा पैसा मंजूर बाबींवरच खर्चायचा असतो, आणि तुमचं काम तर मंजुरीआधीचं. मग ते 40,000 दाखवणार कुठे? ताईंच्या मानधनातून काढले, की उपयोगिता प्रमाणपत्र अडलंच.

त्यापेक्षा ठरावीक फी सांगा: कागद तपासायला 2,000, प्रस्ताव दिल्यावर 6,000, अहवालाचे वेगळे. ती संस्थेने स्वतःच्या पैशातून द्यावी. कंपनीचा सीएसआर निधी हवा असेल, तर 12ए, 80जी, सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांचं काम आधी बघा. नसेल, तर 2,000 घेऊन तिथेच तसं सांगा.

काम मिळवायला संस्थांचे हिशेब तपासणाऱ्या सीएंना भेटा. कोणाचा अहवाल रखडलाय, ते त्यांनाच आधी कळतं.