शिबिराआधीचे तीन आठवडे
(सोनपेठ येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील मांडणीचा गोषवारा)



रक्तदान शिबिराच्या दारातून सर्वांत जास्त परत पाठवल्या जातात त्या बायकाच. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि वजन किमान ४५ किलो लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्याही खाली होतं. म्हणून आपली तयारी हे लक्षात घेऊनच व्हायला हवी.

पहिल्या आठवड्यात परभणीच्या रक्तपेढीला पत्र देऊन तारीख नक्की करा. पंचांग पाहूनच ठरवा, उपवासाचा दिवस नको. पाच तासांत शंभर-एकशेवीस दाते घ्यायचे तर नियमाप्रमाणे एक डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ आणि सहा-आठ खाटा लागतात. आपण साठ दाते धरले आहेत, तेवढंच स्पष्ट सांगा. हॉलमध्ये अखंड वीज, हात धुवायला पाणी आणि विश्रांतीला वेगळी जागा हवी.

याच आठवड्यात आरोग्यसेविकेला सोबत घेऊन इच्छुक बायकांचं हिमोग्लोबिन तपासा. ही तपासणी त्यांना शिबिरासाठी 'तयार' करायला नाही. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तरी रक्त भरून यायला दोन-तीन महिने लागतात, तीन आठवडे पुरत नाहीत. पण जिचं कमी आहे तिला ते आजच कळेल, गोळ्या सुरू होतील, आणि शिबिराच्या दिवशी चारचौघांत परत फिरावं लागणार नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये, हेही तिला सांगा.

दुसऱ्या आठवड्यातल्या पत्रकावर वय, वजन, हिमोग्लोबिनची अट ठळक छापा. बाळंतपणाला वर्ष झालं नसेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर देता येत नाही, हेही लिहा. 'जेवून या' हे विसरू नका.

तिसऱ्या आठवड्यात कामं वाटा. नोंदणीनंतर वजन, मग बोटातून रक्ततपासणी, मग डॉक्टर, मग खाट, शेवटी विश्रांती आणि चहा-नाश्ता. तपासणीचं टेबल पडद्याआड ठेवा. मागे उभ्या नवऱ्याला किंवा सासूला आकडा ऐकू जाता कामा नये. संमतीची सही तिचीच. नाकारलेल्या प्रत्येकीच्या हाती आकडा लिहिलेली चिठ्ठी द्या, म्हणजे ती दवाखान्यात दाखवता येईल.

विश्रांतीच्या जागी दोघीजणी बसवा. दात्याला घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, जांभया येऊ लागल्या, तर लगेच आडवं करून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. भोवती गर्दी नको.

संध्याकाळी पिशव्या मोजल्या जातील. आपण आणखी एक वही ठेवू, परत गेलेल्या बायकांची. तीन महिन्यांनी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा तपासणी करायची आहे. नावं त्यांच्या परवानगीनेच लिहायची, आणि ती वही आपल्याजवळच राहील.