घटक चाचणीत कॉपी आढळली तर

उधन्यातल्या मराठी माध्यमाच्या वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या उत्तरपत्रिका सारख्या निघाल्या, असं समजा. दोघांनीही तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश बरोबर पाच नवमांश लिहिलं. एवढ्यावरून कॉपी ठरत नाही, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची चूक कितीतरी मुलं करतात. पण दुसऱ्या एखाद्या प्रश्नातले ४८ दोघांनीही ८४ असे उतरवले असतील, तर शंकेला आधार मिळतो.

तरीही कोणी कोणाचं पाहिलं, हे कागद सांगत नाही. म्हणून गुण थांबवा, बसण्याची जागा नोंदवा आणि दोघांना वेगवेगळं, वर्गाबाहेर बोलवा. तसंच नवं गणित द्या आणि पायऱ्या बोलून दाखवायला सांगा. मग विचारा, "बाळा, हे ८४ कुठून आले?" आणि थांबा. कबुलीसाठी दटावू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं.

कॉपी सिद्ध झाली, तर तेवढ्याच प्रश्नाची फेरचाचणी घ्या. आईवडील मागावर पाळीला असतील, तर त्यांच्या सुटीच्या वेळी कळवा, तेही मुलाला आधी सांगून.