भर दुपारचा चेहरा

सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे १० मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला मध्यान्हीचा सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. अशा वेळी उघड्यावर फोटो काढला, की कपाळ तळपते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठावर उतरते. मग बहुतेक जण खालून उजेड देतात, थर्माकोलचा किंवा फ्लॅशचा. माझे म्हणणे असे, की आधी वरचा उजेड मऊ करावा. सावलीत दोष दोन असतात, काळेपणा आणि धारदार कड. खालच्या उजेडाने काळेपणा उतरतो, कड तशीच राहते. सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून नाकाच्या शेंड्यापासून तीन सेंटिमीटरवर पडलेल्या सावलीची कड पाव मिलिमीटरभरच विरते. डोक्यावर मीटरभर उंचीवर मीटरभर रुंद, पातळ पांढरे कापड ताणले, की तेच चेहऱ्याचा दिवा होते. मग तीच कड जवळजवळ तीन सेंटिमीटर पसरते आणि सावली वेगळी उरतच नाही. कापड तीन मीटर उंच नेले, तर हा पसरटपणा सेंटिमीटरभरच राहतो; म्हणून ते जवळच हवे. शिवाय ते चेहऱ्याच्या थोडे पुढे सरकवावे, तरच उजेड खोबणीत शिरतो. बुबुळाच्या वरच्या भागात पांढरा ठिपका दिसला, की तो शिरला असे समजावे.

कापड उजेड खाते, मग मागचे ऊन पांढरेफटक होते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून पार्श्वभूमी सावलीतली निवडावी. सावल्या संगणकावर उजळता येतात, हेही खरे. पण उजळलेल्या खोबणीत दाणे उठतात, निळ्या आकाशाचा उजेड तिथे त्वचेला निळसर करतो आणि नाकाखालची रेघ फिकट झाली तरी रेघच राहते.

सर्वांत वजनदार आक्षेप गर्दीचा आहे. सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर दुपारी अक्षता पडतात, तिथे कापड कोण ताणणार? तिथे माझा उपाय चालत नाही. मात्र ही यात्रा जानेवारीच्या मध्याला असते, आणि तेव्हा सूर्य मध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून ५१ अंशांवरच असतो. नंदीध्वज धरणाऱ्याला दक्षिणेकडे तोंड करून उभे केले, तर ऊन त्याच्या पांढऱ्या बाराबंदीवर समोरून पडते आणि छातीवरून उसळून हनुवटीखाली, नाकाखाली पोहोचते. मे महिन्यात हीच बाराबंदी फारशी कामाची नाही, कारण डोक्यावरचे ऊन छातीला नुसते घासून जाते. बाराबंदीचा उजेड अपुरा वाटला, तर फ्लॅश उन्हापेक्षा दीड स्टॉप कमी ठेवून द्यावा. हनुवटीची खालची बाजू कपाळाहून उजळ दिसू लागली, की तो जास्त झाला. तेव्हा आणखी अर्धा स्टॉप उतरवावा.